पाच वर्षांचा बाँड वर्षभर धरला तर: रोल-डाउन परतावा मोजायचा कसा आणि त्यावर विसंबायचं किती

बाँड घेताना आपण यील्ड बघतो आणि धरून चालतो की वर्षभरात साधारण तेवढं मिळेल. ५.७० टक्के यील्डचा बाँड, म्हणजे वर्षाला ५.७० टक्के. पण यील्ड कर्व्ह चढता असेल, म्हणजे लांब मुदतीच्या बाँडवर छोट्या मुदतीपेक्षा जास्त यील्ड असेल, आणि हा कर्व्ह वर्षभर जागचा हलला नाही, तर प्रत्यक्षात त्याहून बरंच जास्त मिळतं. कारण साधं आहे. आज पाच वर्षांचा असलेला बाँड वर्षभराने चार वर्षांचा होतो, आणि बाजार त्याला मग चार वर्षांच्या बाँडचं यील्ड लावतो. ते यील्ड कमी, म्हणून किंमत जास्त. कर्व्हच्या उतारावरून असं खाली येताना किंमतीत जी भर पडते, तिला रोल-डाउन म्हणतात.

इथे आपण एकच बाँड घेऊन हा हिशोब शेवटपर्यंत करू. आकडेमोड सोपी राहावी म्हणून कूपन वर्षातून एकदाच मिळतं असं धरलंय आणि दर्शनी किंमत १०० ठेवलीय. कर्व्ह उदाहरणापुरता बनवलेला आहे, पण त्याचा आकार अनेकदा दिसणाराच आहे: सुरुवातीला खडा, पुढे सपाट होत जाणारा.

पहिली पायरी: कर्व्ह समोर ठेवा

आजची यील्ड अशी आहेत असं समजा:

१ वर्ष: ४.००
२ वर्षं: ४.५०
३ वर्षं: ५.००
४ वर्षं: ५.४०
५ वर्षं: ५.७०
६ वर्षं: ५.८८
७ वर्षं: ६.००
९ वर्षं: ६.१५
१० वर्षं: ६.२०

सगळी टक्क्यांत. सगळे बाँड एकाच प्रकारच्या जारीकर्त्याचे हवेत, ही अट नवखे लोक हमखास विसरतात. चार वर्षांचं यील्ड सरकारी बाँडचं आणि पाच वर्षांचं एखाद्या कंपनीचं घेतलंत, तर त्या दोन आकड्यांमधल्या फरकात पतजोखीमही मिसळलेली असते. तो उतार खरा नसतो आणि वर्षभराने तुमचा कंपनीचा बाँड काही सरकारी होणार नसतो.

दुसरी काळजी मधल्या मुदतींची. बऱ्याच ठिकाणी २, ३, ५, ७, १० अशा ठरावीक मुदतींचीच यील्ड सहज मिळतात आणि चार वर्षांचं आपल्याला काढावं लागतं. ३ आणि ५ वर्षांच्या मधोमध सरळ रेघ ओढली तर ५.३५ येतं. आपल्या कर्व्हवर खरं यील्ड ५.४० आहे. पाच बेसिस पॉइंट, म्हणजे ०.०५ टक्का, फार नव्हे असं वाटेल, पण चार वर्षांच्या बाँडवर त्याने किंमतीत सुमारे ०.१८ चा फरक पडतो. पुढे दिसेल की आपलं सगळं रोल-डाउनच १.०५ आहे. म्हणजे नुसत्या रेघ ओढण्यातून एक षष्ठांश चूक. त्यामुळे चार वर्षांच्या आसपास मुदत उरलेला एखादा जुना बाँड प्रत्यक्ष कोणत्या यील्डला मिळतोय, ते बघून घेणं उत्तम.

दुसरी पायरी: वर्षभरानंतरची किंमत काढा

आज पाच वर्षांचा, ५.७० कूपनचा बाँड बरोबर १०० ला घेतला. वर्षभराने त्याची चार वर्षं उरतील आणि कर्व्ह जसाच्या तसा असेल तर त्याला ५.४० यील्ड लागेल. स्प्रेडशीटमध्ये किंमत एका ओळीत मिळते:

```
=PV(5.4%,4,-5.7,-100)
```

उत्तर १०१.०५. वर्षभरात कूपनचे ५.७० हातात आले, किंमत १.०५ ने वाढली. एकूण ६.७५ टक्के. यातले १.०५ म्हणजे रोल-डाउन.

घाईत असाल तर ड्युरेशनने अंदाज लावता येतो: यील्ड जितकं खाली येणार, त्याला मॉडिफाइड ड्युरेशनने, म्हणजे यील्ड एक टक्का हललं तर किंमत साधारण किती टक्के हलते त्या आकड्याने, गुणायचं. फक्त ड्युरेशन वर्षअखेरचं घ्यायचं. आज या बाँडचं ड्युरेशन ४.२५ आहे, त्याला ०.३० ने गुणलं तर १.२७ येतं आणि आपण उगाच खूश होतो. वर्षभराने, म्हणजे किंमत बदलायची तेव्हा, बाँडचं वय वाढलेलं असतं आणि ड्युरेशन ३.५ च्या घरात आलेलं असतं. ३.५ गुणिले ०.३० म्हणजे १.०५, जे पूर्ण हिशोबाशी जुळतं.

कूपन कर्व्हपेक्षा वेगळं असेल तेव्हा

बाँड नेमका १०० ला मिळणं हा योगायोग. बहुतेक वेळा तो प्रीमियमवर किंवा डिस्काउंटवर असतो, आणि तिथे नुसती आजची किंमत आणि वर्षाअखेरची किंमत यांची वजाबाकी केली तर उत्तर पार चुकतं.

समजा याच कर्व्हवर पाच वर्षांचा ८ टक्के कूपनचा बाँड आहे. ५.७० यील्डने त्याची आजची किंमत १०९.७७. वर्षभराने ५.४० यील्डने ती १०९.१३ होते. किंमत घटली! मग रोल-डाउन कुठे गेलं? ते आहेच, पण त्याच्यावर दुसरी एक गोष्ट झाकण घालून बसलीय. प्रीमियमवरचा बाँड मुदत संपेपर्यंत १०० वर यायचाच असतो, त्यामुळे यील्ड तसूभरही बदललं नाही तरी त्याची किंमत दरवर्षी झिजते. म्हणून मधला एक टप्पा घालायचा: यील्ड ५.७० च राहिलं असतं तर वर्षभराने किंमत काय असती?

```
=PV(5.7%,4,-8,-100)
=PV(5.4%,4,-8,-100)
```

पहिलं उत्तर १०८.०२, दुसरं १०९.१३. १०९.७७ वरून १०८.०२ पर्यंतची घट ही प्रीमियमची झीज, आणि ती ८ च्या मोठ्या कूपनने आधीच भरून दिलेली आहे. १०८.०२ वरून १०९.१३ पर्यंतची १.११ ची वाढ, ती रोल-डाउन. आजच्या १०९.७७ किंमतीवर ती १.०१ टक्के होते, म्हणजे १०० ला मिळणाऱ्या बाँडच्या जवळपासच. रोल-डाउनची व्याख्या लक्षात ठेवायची तर हीच ठेवा: वर्षअखेरची कर्व्हवरच्या यील्डने काढलेली किंमत, वजा वर्षअखेरची आजच्याच यील्डने काढलेली किंमत. दोन्ही वर्षअखेरच्याच.

डिस्काउंटवरच्या बाँडमध्ये उलट फसगत होते. तिथे किंमत आपोआप १०० कडे चढत असते आणि ती चढणही कोणी रोल-डाउनमध्ये धरून मोकळा होतो. पण ती आधीच यील्डमध्ये मोजलेली असते. एकच पैसा दोनदा मोजला जातो.

तिसरी पायरी: कर्व्हवर कुठे उभं राहायचं ते ठरवा

आता हाच हिशोब बाकीच्या मुदतींसाठी करून बघू. कर्व्ह वर्षभर तसाच राहिला, तर यील्ड आणि रोल-डाउन मिळून एका वर्षात मिळतात: २ वर्षांच्या बाँडवर ४.९८, ३ वर्षांच्या बाँडवर ५.९४, ४ वर्षांच्यावर ६.४९, ५ वर्षांच्यावर ६.७५, ७ वर्षांच्यावर ६.५९ आणि १० वर्षांच्यावर ६.५४.

सगळ्यात जास्त यील्ड १० वर्षांच्या बाँडवर आहे, पण सगळ्यात जास्त परतावा ५ वर्षांच्या. १० वर्षांचा बाँड वर्षभरात ६.२० वरून फक्त ६.१५ वर उतरतो. त्याचं ड्युरेशन मोठं असलं तरी पाच बेसिस पॉइंटने त्याला ०.३४ च मिळतात. उलट २ वर्षांचा बाँड पन्नास बेसिस पॉइंट उतरतो, पण वर्षअखेर त्याचं ड्युरेशन एक वर्षही उरत नाही, त्यामुळे तिथेही ०.४८ च हाती येतात. उतार आणि ड्युरेशन दोन्ही बऱ्यापैकी असतील ती जागा शोधायची. चढता कर्व्ह जिथे सपाट व्हायला लागतो, त्या वळणाच्या थोडं अलीकडे ती बहुधा सापडते. आणि १० ऐवजी ५ वर्षांच्या बाँडवर उभं राहिल्याने दरांच्या चढउताराची झळही निम्म्याच्या आसपास होते. माझ्या मते रोल-डाउनचा खरा उपयोग एवढाच: जास्तीचा पैसा कमावण्यापेक्षा, उगाच लांब मुदत घेण्यापासून तो वाचवतो.

चौथी पायरी: यील्ड किती वाढलं तर हे सगळं पाण्यात जाईल

ही पायरी गाळून रोल-डाउनकडे बघायचं असेल तर न बघितलेलंच बरं.

वर्षभर पैसे ठेवायचे तर एक वर्षाच्या बाँडवर ४.०० टक्के बिनधास्त मिळत होते. आपण पाच वर्षांचा बाँड घेतला, म्हणजे ६.७५ वजा ४.०० असे २.७५ टक्के जास्तीचे मिळण्याची अपेक्षा आहे. यील्ड किती वाढलं की हे २.७५ शून्यावर येतील? वर्षाअखेर एकूण १०४.०० हवेत, त्यात ५.७० कूपन, म्हणजे बाँडची किंमत किमान ९८.३० हवी. चार वर्षांच्या बाँडची ही किंमत कोणत्या यील्डला होते?

```
=RATE(4,5.7,-98.3,100)
```

उत्तर ६.१९ टक्के. आजचं चार वर्षांचं यील्ड ५.४० आहे, म्हणजे ते ७९ बेसिस पॉइंट वाढेपर्यंत आपण एक वर्षाच्या बाँडच्या मागे पडत नाही. ७९ ही आपली उशी.

पण हा ६.१९ आकडा हवेतून आलेला नाही. वर्षभराने सुरू होणाऱ्या चार वर्षांच्या कर्जाला आजचा कर्व्ह जो दर लावतो, तो हाच. यालाच फॉरवर्ड यील्ड म्हणतात. म्हणजे कर्व्ह चढता आहे याचाच एक अर्थ असा लावता येतो की बाजार पुढे यील्ड वाढतील असं धरून बसलाय. बाजाराचं म्हणणं तंतोतंत खरं ठरलं तर वर्षाअखेर एक वर्षाचा बाँड, पाच वर्षांचा आणि दहा वर्षांचा, सगळ्यांवर ४.०० च मिळतील आणि रोल-डाउनचा मागमूसही राहणार नाही. तेव्हा रोल-डाउनसाठी बाँड घेणं म्हणजे कर्व्हमध्ये दिसणारी दरवाढ पूर्णपणे घडणार नाही, यावर लावलेली पैज आहे.

ही पैज अगदीच वेडी नाही. यूजीन फामा आणि रॉबर्ट ब्लिस यांनी १९८७ मध्ये, आणि जॉन कॅम्पबेल व रॉबर्ट शिलर यांनी १९९१ मध्ये अमेरिकी सरकारी बाँडच्या जुन्या आकड्यांवर काम करून दाखवलं की फॉरवर्ड दर सुचवतात तशी यील्ड पुढे वाढतातच असं नाही. चढत्या कर्व्हचा बराचसा भाग हा लांब मुदतीची जोखीम घेण्याचा मोबदला असतो. पण मोबदला जोखमीचा आहे, हे विसरून चालत नाही. २०२१ च्या अखेरीस अमेरिकेत पाच वर्षांचं सरकारी यील्ड सव्वा टक्क्याच्या आसपास होतं आणि कर्व्ह व्यवस्थित चढता होता. चार वर्षांच्या बिंदूपर्यंतच्या उतरणीतून अर्धा-पाऊण टक्का रोल-डाउन कागदावर दिसत होतं. पुढच्या वर्षभरात फेडरल रिझर्व्हने धोरणदर ० ते ०.२५ टक्क्यांवरून ४.२५ ते ४.५० टक्क्यांपर्यंत नेला, चार वर्षांचं यील्ड चार टक्क्यांच्या घरात गेलं, आणि तो बाँड कूपन धरूनही सुमारे नऊ टक्के तोट्यात गेला. दुसऱ्या तिमाहीपर्यंत तर उशी कधीच संपली होती.

असं होताना कर्व्हचा आकारही बदलतो. मध्यवर्ती बँक दर वाढवते तेव्हा छोट्या मुदतीची यील्ड सगळ्यात जास्त वर जातात, कर्व्ह सपाट होतो, कधी उलटाही होतो. म्हणजे किंमतीचा तोटा तर होतोच, वर पुढच्या वर्षासाठी उतारच शिल्लक राहत नाही. उलट्या कर्व्हवर बाँडचं वय वाढतं तसं त्याचं यील्ड वर चढतं आणि रोल-डाउन उणे होतं. म्हणून कर्व्हवर नजर ठेवताना ज्या दोन बिंदूंच्या मध्ये तुमचा बाँड घसरणार आहे, त्यांच्यातल्या फरकाकडे लक्ष ठेवा. आपल्या उदाहरणात ४ आणि ५ वर्षांमधला ०.३० चा फरक ०.१० वर आला, तर सगळीकडची यील्ड जवळपास तिथेच दिसत असली तरी रोल-डाउनचा दोन तृतीयांश भाग गेलेला असतो.

पाचवी पायरी: विकायचं कधी

रोल-डाउन विकल्यावरच हातात येतं. मुदत संपेपर्यंत बाँड धरला तर काय होतं ते बघा. कर्व्ह पाचही वर्षं हलला नाही असं समजू. आपल्या ५.७० च्या बाँडची किंमत दरवर्षाच्या शेवटी अशी जाते: १०१.०५, १०१.९१, १०२.२५, १०१.६३ आणि शेवटी १००. त्या त्या वर्षीचा परतावा ६.७५, ६.४८, ५.९३, ४.९८ आणि ४.००. पहिल्या वर्षांत जास्तीचं मिळालं ते शेवटच्या दोन वर्षांतून वळतं झालं, आणि पाच वर्षांचा हिशोब ठरलेल्या यील्डच्याच आसपास येऊन थांबला. पहिल्या वर्षाचा ६.७५ हा आकडा बघून जो बाँड घेतो आणि शेवटपर्यंत ठेवून देतो, त्याला रोल-डाउनमधून वेगळं काही मिळत नाही.

म्हणूनच हे करणारे लोक वर्ष-दीड वर्षाने बाँड विकतात आणि पुन्हा पाच वर्षांचा घेतात. इथे खर्च आडवा येतो. खरेदी आणि विक्रीच्या भावात ०.३० चं अंतर असेल, तर १.०५ मधले ०.३० तिथेच गेले. कमी व्यवहार होणाऱ्या बाँडमध्ये हे अंतर त्याहून मोठं असू शकतं, आणि विक्रीच्या नफ्यावरचा कर वेगळा. आधी दलालाकडून दोन्ही बाजूंचे भाव घ्या, मग ठरवा. वर्षातून दोनदा-तीनदा फिरवाफिरवी केली तर बहुतेक वेळा रोल-डाउन दुसऱ्याच्याच खिशात जातं.

उसने पैसे घेऊन बाँड धरणाऱ्यांचा हिशोब थोडा वेगळा असतो. कर्जाचा दर ४.०० असेल, तर ५.७० वजा ४.०० हे १.७० त्यांची कॅरी, आणि वर १.०५ रोल-डाउन. बाजारात ‘कॅरी अँड रोल’ असा एकत्र आकडा ऐकू येतो तो हाच २.७५. फक्त कर्जाचा दर बहुतेकदा रोजच्या रोज किंवा दर महिन्याला बदलणारा असतो. त्यामुळे दर वाढले की कॅरी आणि किंमत दोन्ही एकदमच फिरतात, ही गोष्ट आधीच धरून चालायची.

शेवटची पायरी: वर्षाअखेर हिशोब फोडून बघा

वर्ष संपलं. समजा चार वर्षांचं यील्ड ५.४० वर न राहता ५.६२ निघालं. बाँडची किंमत झाली १००.२८, आणि एकूण परतावा ५.९८ टक्के. ‘यील्डपेक्षा थोडं जास्तच मिळालं’ म्हणून समाधान मानायच्या आधी तो तीन भागांत मांडा: यील्डचे ५.७०, रोल-डाउनचे १.०५, आणि कर्व्ह हलल्यामुळे उणे ०.७७. तिसरा भाग दर वेळी उणे येत असेल आणि साधारण दुसऱ्याइतकाच असेल, तर कर्व्ह जे म्हणत होता ते बऱ्यापैकी घडतंय आणि तुम्ही मोजलेलं रोल-डाउन कागदावरच राहतंय. मग नव्या कर्व्हवर पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात करा: तुमच्या बाँडची आता चार वर्षं उरलीत, पुढच्या वर्षी तो तीन वर्षांच्या बिंदूवर जाणार, आणि त्या दोन बिंदूंमधला आजचा फरक किती आहे ते आधी लिहून काढा.